शाळेच्या परसबागेची आखणी: पाणी, किडी आणि बियाणं यांभोवती वर्षभराचे विषय

जून उजाडला की खान्देशातल्या बहुतेक शाळांत काहीतरी लावलं जातं. पावसात ते तरारून येतं, दिवाळीच्या सुट्टीत तण माजतं आणि मार्चमध्ये ऊन चढलं की उरलंसुरलं करपून जातं. हे शिक्षकांच्या आळसामुळे होत नाही. आखणी रोपांपासून सुरू होते आणि पाण्याचा हिशेब कुणी केलेलाच नसतो, म्हणून होतं. शिवाय बाग कोणत्याच विषयाची नसते. ती एका हौशी शिक्षकाच्या गळ्यात असते आणि त्यांची बदली झाली की बागही जाते.

जिल्हा परिषदेच्या शाळेत परसबाग उभी करताना जी पद्धत आम्हाला लागू पडली, ती इथे क्रमाने सांगतो. तिचा गाभा एवढाच आहे की मुलांना बागेत खरे निर्णय घ्यायला लावायचे आणि विषयांचे तास त्या निर्णयांच्या तयारीला वापरायचे. वर्षभरात असे तीन प्रसंग हमखास येतात. पाणी कमी पडलं तर कोणत्या वाफ्याला द्यायचं? किडीचं काय करायचं? पिकलेल्यातलं खायचं किती आणि बियाण्याला ठेवायचं किती? ‘पाणी वाचवा’ हे फळ्यावर लिहिलेलं मूल विसरतं. आपल्या वाफ्याचं पाणी दुसऱ्या वर्गाच्या वाफ्याला द्यायचं की नाही यावर भांडलेलं मूल विसरत नाही.

उदाहरणासाठी पहिली ते सातवीची एक शाळा धरू. रोजची हजेरी सत्तर-पंच्याहत्तर, पोषण आहार शाळेतच शिजतो, नळाला पाणी एक दिवसाआड येतं.

१. आधी कागद

मे महिन्यात किंवा शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात हे हातात असू द्या:

- शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. त्यात जागा, पाण्याचा स्रोत, भाजी पोषण आहारात वापरायची हे, आणि दिवाळी व उन्हाळ्याच्या सुट्टीत बाग कोण पाहणार हे स्पष्ट लिहा.
- जागा किंवा नळजोडणी ग्रामपंचायतीची असेल तर त्यांचं संमतिपत्र.
- दोन जाड नोंदवह्या: एक पाणी-पिकाची, एक किडींची.
- १५ लिटरची बादली (आत लिटरच्या खुणा रंगवून), झारी, खुरपी, घमेली, मोजपट्टी, दोन-तीन भिंगं, झाकणाच्या काचेच्या बरण्या.

ठरावात नुसतं ‘वृक्षारोपण करणे’ लिहिलं जातं, ही इथली नेहमीची फसगत. सुट्टीतल्या जबाबदारीचं वाक्य नसेल तर नोव्हेंबरमध्ये तुम्ही एकटे असता.

२. पाणी मोजा, वाफे त्यानंतर

हे काम पाचवी-सहावीच्या गणिताला द्या. एक आठवडा मुलांनी शाळेतलं वाया जाणारं पाणी मोजायचं. मोजताना दोन प्रकार वेगळे ठेवायचे, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

पहिलं स्वच्छ पाणी: तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं आणि घरी जाताना बाटल्यांत उरलेलं. दुसरं साबणाचं व खरकटं पाणी: हात आणि ताटं धुतलेलं. आपल्या उदाहरणातल्या शाळेत पहिलं दिवसाला ४५ लिटरच्या आसपास आणि दुसरं ७५ लिटरच्या आसपास भरतं असं धरू. तुमच्याकडे आकडा वेगळा येईल. दुसऱ्या शाळेचा आकडा उसना घेऊ नका.

आता गरज काढा. आपल्याकडे हिवाळ्यात भाजीच्या वाफ्याला चौरस मीटरला दिवसाला साधारण ४ लिटर पाणी धरलं तर पुरतं. एप्रिल-मेच्या उन्हात हीच गरज जवळपास दुप्पट होते. आठवड्याची गरज झाली चौरस मीटरला २८ लिटर. शाळा सहा दिवस, म्हणजे स्वच्छ पाणी मिळतं २७० लिटर. २७० ला २८ ने भागलं की साडेनऊ चौरस मीटर येतात. म्हणजे १ मीटर रुंद आणि ३ मीटर लांब असे तीनच वाफे. चौथा वाफा मुलांना हवासा वाटतो, मुख्याध्यापकांनाही वाटतो. तरी नाही म्हणा. ज्या बागेचं पाणी कागदावर पुरत नाही, ते जमिनीवर तर पुरणारच नाही. हा भागाकार मुलांनी स्वतः केलेला असेल तर ‘नाही’ तुम्हाला म्हणावंच लागत नाही.

साबणाचं पाणी मेथी-पालकावर घालायचं नाही. एक तर पानं आपण खातो. दुसरं, साबणातला सोडा काळ्या जमिनीत साठत जातो आणि माती घट्ट, चोपण होते. हे पाणी केळीला द्या. हात धुण्याच्या जागेपासून उताराने चर काढा, तोंडाशी खरकटं अडवायला जाळी लावा, पुढे दीड-दोन फूट खोल खड्ड्यात विटांचे तुकडे आणि वाळू भरा आणि तिथून पाणी केळीच्या आळ्यात सोडा. मोठ्या केळीला हिवाळ्यात दिवसाला पंधरा-वीस लिटर लागतं, म्हणजे ७५ लिटरमध्ये तीन-चार केळी आणि कडेला थोडं अळू. मुनवे जून-जुलैत, मृगबागेच्या वेळेला लावा. जळगावकडच्या मुलांना यातलं तुमच्यापेक्षा जास्त कळतं, त्यांनाच विचारा.

जाळी रोज साफ झाली नाही तर तिसऱ्या दिवशी वास येतो आणि पाणी साचून डास होतात. वास आला की पालकांची तक्रार येते आणि सगळा चरच बुजवला जातो. जाळीची पाळी वर्गवार लावा, आणि कोणतंही पाणी एका दिवसापेक्षा जास्त साठवू नका.

३. माती ओळखा

तापी-गिरणेच्या काठची काळी जमीन कसदार खरी, पण पावसात चिखल होते आणि ऊन पडलं की भेगाळते. म्हणून वाफे जमिनीपेक्षा वीतभर उंच करा. मधली वाट दोन फूट ठेवा, म्हणजे कुणी वाफ्यात पाय देणार नाही. रुंदी एक मीटरच ठेवा, तिसरीतल्या मुलाचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोचला पाहिजे. चौरस मीटरला चार-पाच किलो चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. ताजं किंवा अर्धवट कुजलेलं शेण आणलं तर त्यातून हुमणी येते आणि रोपं मुळातून खाल्ली जातात. कुजलेलं खत काळसर, भुसभुशीत असतं, त्याला शेणाचा वास येत नाही.

विज्ञानाच्या तासाला दोन सोपे प्रयोग होतात. बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पूड घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटा-दोन मिनिटांत तळाला बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. मग थर पट्टीने मोजायचे. दुसरा प्रयोग म्हणजे मातीवर व्हिनेगरचे थेंब टाकायचे. फेस आला तर चुनखडी आहे. अशा जमिनीत झाडाला लोह नीट मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली तर मात्र नत्राची कमतरता समजा. शास्त्रीय परीक्षण हवं असेल तर मातीचा नमुना कृषी विज्ञान केंद्रात द्या. जळगाव जिल्ह्यात ममुराबाद आणि पाल इथे अशी केंद्रं आहेत.

४. शाळेच्या दिनदर्शिकेवर पिकं बसवा

पिकाचे दिवस आणि सुट्टीच्या तारखा एकाच कागदावर मांडा. आमचं बसलेलं वेळापत्रक असं:

जूनअखेर ते जुलै: तिन्ही वाफ्यांत गवार, चवळी, भेंडी. पाऊस असल्याने पाण्याची चिंता नाही, चिंता निचऱ्याची. याच दिवसांत कडुनिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या गोळा करून, गर धुऊन सावलीत वाळवायच्या. पुढे लागतात.

ऑगस्ट: भरिताच्या वांग्याचं रोप गादीवाफ्यावर टाकायचं. पाच-सहा आठवड्यांनी, सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पहिल्या वाफ्यात दोन-दोन फुटांवर पाच रोपं लावायची.

ऑक्टोबर: दुसऱ्या वाफ्यात हरभरा. दिवाळीच्या सुट्टीत तो जमिनीतल्या ओलीवर तग धरतो, म्हणूनच तो निवडायचा.

सुट्टीनंतर: तिसऱ्या वाफ्यात मेथी, कडेला मुळा आणि कोथिंबीर. मेथी तीस-पस्तीस दिवसांत काढायला येते. सुट्टीआधी पेरली तर परत येईपर्यंत ती जून होते किंवा वाळते, हे नव्या शाळांत दरवर्षी घडताना दिसतं.

मार्चच्या मध्यावर वाफे बंद. नंतर फक्त केळी, शेवगा आणि कढीपत्ता जगवायचे.

सोबत पावसाळ्यात भूगोलाच्या तासाला बाटलीचं पर्जन्यमापक करा. आकडे पाण्याच्याच वहीत लिहा.

५. पहिला निर्णय: पाणी कमी पडलं

जानेवारीत हे होतंच. कधी नळ आठवडाभर येत नाही, कधी स्वयंपाक काही दिवस थांबतो. समजा स्वच्छ पाणी दिवसाला १५ लिटरवर आलं, म्हणजे आठवड्याला ९०. एका वाफ्याची पूर्ण गरज ८४ आहे. वांग्याला फळं लागलीत, मेथी चार आठवड्यांची झालीय, हरभरा आपल्या ओलीवर उभा आहे.

इथे शिक्षकाने उत्तर सांगायचं नाही. मुलांचा पहिला कौल जवळजवळ नेहमी ‘सगळ्यांना थोडं थोडं’ असा येतो, कारण तो न्याय्य वाटतो. मग विज्ञानाचा तास घ्या. थोडं पाणी शिंपडलं की काळ्या मातीत वरचा बोटभर थरच भिजतो आणि दुपारपर्यंत उडून जातो, मुळांना काही मिळत नाही. अर्ध्या पाण्यावर मेथी निबर होते आणि वांग्याची फुलं गळतात. म्हणजे समान वाटूनही दोघांचं नुकसान. हे पटायला दोन कुंड्या पुरतात: एकीला रोज पेलाभर, दुसरीला चार पेले एकदम, चार दिवसांतून एकदा. चौथ्या दिवशी काडी खुपसून ओल कुठवर गेली ते मोजा.

याच आठवड्यात नागरिकशास्त्राच्या तासाला धुळे जिल्ह्यातली पांझरा नदीवरची फड पद्धत शिकवा. नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालच्या शेतीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकाच जातीचं पीक घ्यायचं आणि दरवर्षी ते फिरवायचं. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं, शेतकऱ्याने स्वतः पाट फोडायचा नाही. पाणी पाहून त्या साली किती फड भिजवायचे हे गावाने मिळून ठरवायचं. शेकडो वर्षं हे गावकऱ्यांनी चालवलं. मुलांना यातली मुख्य गोष्ट लगेच दिसते: पाणी कमी झालं की वाटा पातळ करायचा नाही, क्षेत्र कमी करायचं. साक्री किंवा धुळे तालुक्यातली शाळा असेल तर एखाद्या जुन्या जाणत्या शेतकऱ्याला वर्गात बोलवा.

मग पुन्हा मतदान घ्या. आमच्या मुलांनी ठरवलं ते असं: मेथी आजच काढायची, ती पोषण आहारात जाईल; सगळं पाणी वांग्याला; हरभऱ्याला घाटे भरताना एकच पाणी, ते नळ आल्यावर. ज्या वर्गाची मेथी लवकर गेली, त्यांना वांग्यातला वाटा मिळाला पाहिजे, हेही त्यांनीच मांडलं. हा निर्णय, तारीख आणि कारणं मराठीच्या तासाला इतिवृत्त म्हणून लिहून घ्या. सातवीच्या मुलांना इतिवृत्त लिहायला यापेक्षा चांगला विषय मिळणार नाही.

पाणी द्यायचं की नाही हे वरून ठरवू नका. काळी माती वर भेगाळलेली दिसते आणि खाली ओली असते. दोन इंच खालची माती मुठीत दाबा, लाडू वळला तर आज पाणी नको.

६. दुसरा निर्णय: कीड दिसली

आधी एक पक्का नियम: शाळेत कोणतंही रासायनिक कीटकनाशक येणार नाही. आपल्याकडे घरोघरी कापूस आहे, त्यामुळे एखादं मूल भल्या मनाने घरातली उरलेली बाटली घेऊन येतं. पालकसभेत हे आधीच सांगा. औषधाचे रिकामे डबे पाण्यासाठीही वापरायचे नाहीत, कितीही धुतले तरी.

दर शनिवारी पाचवीची मुलं भिंग घेऊन पाचही वांगी पाहतात आणि किडीच्या वहीत आकडे लिहितात: मरगळलेले शेंडे किती, पानामागे मावा आहे का, इतर कोणते किडे दिसले. चित्रकलेच्या तासाला त्यांची चित्रं काढायची. चित्र काढताना मूल किड्याकडे जितकं पाहतं, तितकं एरवी पाहत नाही.

शेंडा मरगळून खाली लोंबत असेल तर आत शेंडा व फळ पोखरणारी अळी आहे. असा शेंडा अळीसकट थोडा खालून कापायचा आणि साबणाच्या पाण्यात बुडवायचा. कापलेला शेंडा शिक्षकांनी ब्लेडने उभा चिरून दाखवावा, अळी दिसली की मुलांना कारण कळतं. पाच झाडांच्या वाफ्यात एवढं नेटाने केलं तर बहुतेक वेळा पुरतं.

खरा निर्णय माव्याचा आहे. मावा दिसला की फवारणी, ही सवय मुलांनी घरून आणलेली असते. पण त्याच पानावर काळसर, नारिंगी ठिपक्यांची, खरबरीत अंगाची एक छोटी अळी फिरताना दिसते. मुलं तिला पहिली मारतात. ती ढालकिड्याची अळी, आणि ती माव्यावरच जगते. म्हणून मुलांशी असं ठरवा: या अळ्या किंवा ढालकिडे दिसत असतील तर चार-पाच दिवस थांबायचं आणि रोज एका ठरावीक पानावरचा मावा मोजायचा. आकडा उतरला तर काहीच करायचं नाही. चढत राहिला तर निंबोळी अर्क. गणिताला आलेख मिळतो, विज्ञानाला अन्नसाखळी, आणि ‘फवारावं की थांबावं’ यावर मराठीचा वादविवाद.

अर्क सोपा आहे. वाळलेल्या निंबोळ्यांची ५० ग्रॅम भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, चिमूटभर साबण घाला आणि संध्याकाळी फवारा, म्हणजे मधमाश्यांना त्रास होत नाही. अर्क ताजाच वापरायचा. दोन दिवसांपूर्वीचा अर्क मारून ‘कडुनिंबाने काही होत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

७. तिसरा निर्णय: खायचं किती, ठेवायचं किती

यासाठी सुरुवातीलाच संकरित बी टाळा. संकरित वाणाचं बी धरून पुन्हा लावलं तर झाडं आईसारखी निघत नाहीत आणि मुलांचा सगळा धडा फसतो. बी गावातूनच मागवा: कुणाच्या आजीकडची चवळी, घरचा हरभरा, भरिताचं वांगं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याचं बी टिकलं ते घराघरांतल्या जपणुकीने. मुलांनी आजीकडून विचारून आणायचं: हे बी कुठून आलं, कसं राखतात, राखेत का ठेवतात. अहिराणी, लेवा, पावरी, भिली, जी घरची बोली असेल तीत तसंच लिहू द्या, वर्गात मोठ्याने वाचून घ्या.

विकतचं बी आणलंच तर पाकिटात गुलाबी किंवा निळं रंगवलेलं बी पाहा. त्याला औषध लावलेलं असतं. ते मुलांच्या हातात देऊ नका.

वांग्याचा प्रसंग डिसेंबर-जानेवारीत येतो. सगळ्यांना भरीत हवं असतं आणि सगळ्यांत देखणं वांगंच सगळ्यांत आधी चुलीवर जातं. पण बियाण्याला तेच ठेवायला हवं. मुलांना पाचही झाडं दाखवा, कोणत्या झाडाला कीड कमी, फळं जास्त हे वहीतून शोधायला लावा आणि त्या झाडावरची दोन फळं दोरा बांधून राखा. ही फळं पिवळी पडून मऊ होईपर्यंत झाडावरच ठेवायची. मग गर पाण्यात कुस्करायचा, तरंगणारं बी टाकायचं, तळाचं धुऊन सावलीत वाळवायचं. हरभऱ्याचं आणि चवळीचं बी त्याहून सोपं, वाळलेले घाटे आणि शेंगाच उतरवायच्या. दोडक्याचं बी पहिल्या वर्षी धरू नका, शेजारच्या वेलांशी परागीकरण होऊन वाण मिसळतो.

उरलेल्या वांग्यांचं भरीत जरूर करा. पऱ्हाट्यांवर भाजायचं काम मोठ्यांनी करावं. भाजी पोषण आहारात जाते तेव्हा वजन करून स्वयंपाकी ताईंच्या सहीने नोंद ठेवा. पाहणीला कुणी आलं की हीच वही विचारली जाते.

८. विषयांचं वाटप

सगळे विषय एकदम बागेत ओढू नका. महिन्याला चार-पाच तास, तेही असलेल्या वेळापत्रकातले, एवढंच धरा. प्रत्येक विषयाला वर्षाचा एक प्रश्न द्या: गणिताला ‘पाणी किती वाफ्यांना पुरतं?’, विज्ञानाला ‘या किड्याचं अन्न काय?’, नागरिकशास्त्राला ‘कमी असेल तेव्हा वाटायचं कसं?’, मराठीला ‘हे ठरलं कसं, ते लिहा’. इंग्रजीला बरण्यांवरची नावं पुरेत.

मूल्यमापन उत्पन्नावर करू नका. ते केलंत तर मुलं लपून युरिया टाकतात. दुसऱ्या सत्रात एक नवा प्रसंग द्या. उदाहरणार्थ, ‘गावात टँकर आला, तीन गल्ल्या आहेत, एक टाकी आहे, काय कराल?’ मुलाने कारणं किती आणि कशी दिली ते पाहा.

९. उन्हाळ्याची सोय

एप्रिलमध्ये वाफ्यांवर उसाचं पाचट किंवा वाळला पाला चार बोटं जाड पसरा. केळी आणि शेवग्याच्या आळ्यांत सुट्टीतही नियमित पाणी लागेल. ठरावात ज्यांची नावं आहेत त्या दोन पालकांना आवाराची किल्ली आणि पाण्याची वही शाळा सुटायच्या आधी द्या. बियाण्याच्या बरण्यांवर वाण, कुणाच्या घरचं बी, काढल्याची तारीख आणि राखणाऱ्या वर्गाचं नाव लिहा. बरण्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवा, पत्र्याजवळच्या वरच्या कप्प्यात मेच्या उष्म्याने बियांची उगवण जाते. जूनमध्ये पेरणीआधी प्रत्येक वाणाच्या दहा बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. आठवड्यात सातपेक्षा कमी उगवल्या तर दाट पेरा, निम्म्याहून कमी उगवल्या तर त्या घरून पुन्हा बी मागवा.